‘बीट’पेक्षा लांब ‘बिड’

माझी भाची बर्मिंगहॅमला जन्मली आणि तिथेच वाढली. मराठी बोलते, पण घाईत असली की इंग्रजीत घसरते. एकदा मुंबईच्या विमानतळाबाहेरून तिचा फोन आला. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि त्यातून मला ऐकू आलं, ‘आय कान्ट फाइंड माय कॅप.’ मी म्हटलं, ‘अगं, टोपी विमानातच राहिली असेल. जाऊ दे, तू आधी बाहेर ये.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘मामा, टोपी नाही! गाडी! कॅऽऽब!’

दुसऱ्यांदा तो शब्द म्हणताना तिनं जे केलं, ते माझ्या डोक्यात राहून गेलं. आपल्याकडे अशा वेळी माणूस शेवटच्या अक्षरावर घाव घालतो: ‘कॅब हो, ब, ब बदकाचा.’ तिनं ‘ब’ला हातसुद्धा लावला नाही. तो पहिल्याइतकाच पुसट राहिला. तिनं ताणला तो आधीचा ‘ॲ’. आणि गंमत म्हणजे त्या ताणलेल्या ‘ॲ’मुळे मला ‘ब’ स्वच्छ ऐकू आला.

हे तिचं वैयक्तिक लकबीचं बोलणं नव्हतं. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे, ते सगळेच थोड्याफार फरकानं असंच करतात, आणि बहुतेकांना आपण असं करतो हे ठाऊक नसतं. शब्दाच्या शेवटी प, ट, क, स, फ यांच्यासारखा वर्ण आला की त्याआधीचा स्वर ते आखडता घेतात. ब, ड, ग, झ, व यांच्यासारखा आला की त्याच स्वराला ऐसपैस वेळ देतात. शाळेत संधी शिकताना आपण पहिल्या गटाला कठोर वर्ण म्हटलं आणि दुसऱ्याला मृदू. भाषाशास्त्रात त्यांना अघोष आणि घोष म्हणतात. गळ्यावर बोटं ठेवून सापासारखा लांब ‘स्स्स’ काढा, मग भुंग्यासारखा ‘झ्झ्झ’. दुसऱ्या वेळी बोटांना जी थरथर लागते, तो घोष. घशातल्या स्वरतंतूंचं ते कंपन असतं.

आता फरक किती, ते पाहू. फिनलंडचे ध्वनिशास्त्रज्ञ कालेवी वीक यांनी १९६५ मध्ये फिनिश आणि इंग्रजी स्वरांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. फिनिश माणसानं या विषयात शिरावं यात नवल नाही. त्यांच्या भाषेत स्वराच्या लांबीवर शब्दाचा अर्थ ठरतो. ‘तुली’ म्हणजे आग आणि ‘तूली’ म्हणजे वारा. अशा कानाच्या माणसाला इंग्रजी स्वरांची लांबी खटकणारच. त्यांनी ब्रिटिश इंग्रजी उच्चार मोजले, आणि त्यांचे आकडे पुढे इंग्लंडच्या उच्चारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. त्यातले फक्त चार मी इथे घेतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या चारांत आहे.

शब्द असे: ‘बीड’ म्हणजे मणी, ‘बिड’ म्हणजे लिलावातली बोली, ‘बीट’ म्हणजे ठोका किंवा मारणं, आणि ‘बिट’ म्हणजे तुकडा. मापाचं एकक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ‘बीड’मधला स्वर सरासरी २८५ मिलिसेकंद भरला, ‘बिड’मधला १४७, ‘बीट’मधला १२३ आणि ‘बिट’मधला अवघा ७३.

मधले दोन आकडे पुन्हा वाचा. ‘बिड’ १४७, ‘बीट’ १२३. ज्याला आपण निःशंकपणे ऱ्हस्व लिहितो, तो स्वर घड्याळात ज्याला दीर्घ लिहितो त्याच्यापेक्षा लांब निघाला. आणि ‘बीड’ नि ‘बीट’ या दोन शब्दांत आपण एकच दीर्घ वेलांटी देतो, त्यातला पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त लांब आहे. पहिली वेलांटी की दुसरी, यावरून ज्यांनी शुद्धलेखनात गुण घालवले आहेत (मी त्यांतला एक), त्यांनी हे आकडे जपून ठेवावेत.

मग इंग्रज कान ‘बिड’ला ‘बीट’ कसं समजत नाही? कारण त्यांच्या लेखी या दोन स्वरांतला खरा भेद लांबीचा नाहीच, तो जिभेच्या ठेवणीचा आहे. ‘बीट’मध्ये जीभ टाळूच्या अगदी जवळ, पुढे, ताणलेली असते. ‘बिड’मध्ये ती थोडी सैल, थोडी खाली आणि मागे असते. आपल्या इकाराच्या दोन वेलांट्यांनी हा भेद नीट पकडता येत नाही. आपण तो लांबीच्या खात्यात टाकतो, आणि इंग्रजीनं लांबी दुसऱ्याच कामाला लावली आहे: पुढे येणारा वर्ण कठोर की मृदू, हे आधीच सांगून ठेवण्याच्या.

लांबी मोजण्याचा हा उद्योग बराच जुना आहे. एर्न्स्ट मायर नावाच्या संशोधकानं १९०३ मध्ये इंग्रजी ध्वनींच्या लांबीवर जर्मन भाषेत पुस्तक प्रसिद्ध केलं. तेव्हा साधन होतं ते काजळी धरलेल्या कागदाचं फिरतं पिंप. बोलणाऱ्याच्या श्वासानं एक सुई हलायची आणि काजळीवर रेघ ओढायची. नंतर ध्वनी कागदावर चित्ररूपानं काढणारी विद्युतयंत्रं आली आणि मापं सोपी झाली.

१९५३ मध्ये हाउस आणि फेअरबँक्स या अमेरिकन संशोधकांनी दहा पुरुषांकडून निरर्थक शब्द म्हणवून घेतले. प्रत्येक शब्दात स्वराच्या दोन्ही बाजूंना एकच व्यंजन: ‘हपीप’, ‘हबीब’, ‘हटीट’ असे. (‘हबीब’ला आपण निरर्थक म्हणणार नाही, पण ते अमेरिकेत बसले होते.) अर्थ काढून टाकण्याचा फायदा असा की ओळखीचा शब्द पटकन म्हणून टाकायचा आणि अनोळखी सावकाश, ही गडबड टळते. कठोर व्यंजनांच्या मधल्या स्वरांची सरासरी १७४ मिलिसेकंद निघाली, मृदूंच्या मधल्यांची २५३. सात वर्षांनी पीटरसन आणि इल्झे लेहिस्ते यांनी खरे शब्द घेतले. दर वेळी ‘से द वर्ड अमुक अगेन’ या एकाच वाक्यात शब्द बसवला, म्हणजे बोलण्याची चाल बदलू नये. जोडीतला शेवटचा वर्ण कठोर असेल तेव्हा स्वर सरासरी १९७ मिलिसेकंद, मृदू असेल तेव्हा २९७. ढोबळ हिशेब दोनास तीन. हे प्रमाण आजही इंग्रजी ध्वनिशास्त्राच्या वर्गात तोंडपाठ म्हणून सांगितलं जातं.

वीक यांच्या आकड्यांत ते प्रमाण याहूनही ताणलेलं आहे, हे लक्षात आलं असेल. बोलणारा कोण, ब्रिटिश की अमेरिकन, शब्द सुटा म्हटला की वाक्यात, यावर आकडे सरकतात. दिशा मात्र सरकत नाही.

आता खरा प्रश्न. स्वर लांब होतो, हे यंत्राला दिसलं. ऐकणाऱ्याला त्याचा काही उपयोग होतो का, की नुसताच तोंडातला योगायोग? याचं पहिलं देखणं उत्तर पीटर डेनेस यांनी १९५५ मध्ये दिलं. इंग्रजीत ‘यूस’ हे नाम आहे आणि ‘यूझ’ हे क्रियापद. स्पेलिंग एकच. आपल्याकडे बहुतेक जण दोन्हीला ‘यूज’ म्हणून मोकळे होतात. डेनेस यांनी शेवटचा वर्ण ‘स’च ठेवला, त्यात घोषाचा मागमूस नाही. फक्त आधीचा ‘ऊ’ लांब केला आणि ‘स’ आखूड. ऐकणाऱ्यांना ‘यूझ’ ऐकू आलं. जो ‘झ’ ध्वनीत नव्हताच, तो त्यांच्या कानांनी तयार केला. लोकांचे कान स्वर आणि त्यामागचं व्यंजन यांच्या लांबीचं गुणोत्तर पाहत होते.

१९७२ मध्ये लॉरेन्स राफेल यांनी यंत्रानं घडवलेल्या शब्दांवर हाच प्रयोग अधिक व्यापकपणे केला. शेवटच्या व्यंजनात घोषाच्या खुणा ठेवा की काढा, स्वर आखूड असेल तर ऐकणारे कठोर म्हणत, लांब असेल तर मृदू. माझ्या भाचीनं विमानतळावर नेमका हाच प्रयोग माझ्यावर केला होता.

पण इथे एक पाऊल मागे घ्यायला हवं. पाठ्यपुस्तकं राफेल यांच्याशी थांबतात, आणि त्यातून वाचकाची अशी समजूत होते की बाकी सगळ्या खुणा फोल. पुढे हिलेनब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये माणसांचे खरे उच्चार घेऊन कापाकापी केली. मृदू वर्णाने संपणारा शब्द घेतला आणि त्याचा स्वर मधून कापून आखूड केला. एवढ्यानं तो शब्द सरळ कठोर झाला नाही. कारण खऱ्या उच्चारात आणखीही खुणा असतात. तोंड मिटत आलं तरी मृदू वर्णाआधी घसा कंप पावत राहतो, स्वराच्या शेपटीत त्याचा खालचा नाद आणखी खाली उतरत जातो. कठोर वर्णाआधी ती शेपटी तोडल्यासारखी थांबते. यंत्राच्या शब्दांत या बारीक गोष्टी विरळ होत्या, म्हणून तिथे लांबीचं एकटीचं राज्य दिसलं. प्रत्यक्षात ती मुख्य खुणांपैकी एक आहे.

तरी तिचं महत्त्व इंग्रजीत एवढं का वाढलं? याचं एक कारण इंग्रजांच्या ‘ड’मध्येच आहे. घोष व्हायला फुप्फुसातली हवा स्वरतंतूंमधून वर जात राहिली पाहिजे. ‘ड’साठी जीभ वर टेकली की तोंड बंद कोठीसारखं होतं. वरून वाट नाही, खालून हवा येतेच आहे. क्षणार्धात कोठीतला दाब खालच्या दाबाच्या जवळ पोचतो, प्रवाह थांबतो आणि तंतू निपचित पडतात. हे टाळायचं तर गाल, घसा सैल सोडून कोठी मोठी करावी लागते, किंवा चटकन जीभ सोडून हवेला वाट द्यावी लागते. आपण मराठीत ते बऱ्यापैकी करतो. ‘बंद’, ‘बाग’, ‘साद’ म्हणताना शेवटचं व्यंजन मोकळं सोडतो, त्यामागे स्वराची किंचित सावलीही उमटते. इंग्रज वाक्याच्या शेवटी हे कष्ट घेत नाही. त्याचा ‘ड’ अर्ध्यातच मुका होतो, पुष्कळदा जीभ सुटल्याचा आवाजही येत नाही. म्हणजे ज्या खुणेवर आपण विसंबतो, ती त्याच्या बोलण्यात उरलेलीच नसते. मला फोनवर टोपी ऐकू आली, त्याचं कारण हे. मी ‘ब’चा घोष शोधत होतो, तो नव्हता. निरोप ‘ॲ’मध्ये होता आणि त्या खिडकीत मी डोकावलोच नाही.

कारणांची दुसरी बाजू सगळ्या भाषांना लागू पडणारी आहे. कठोर वर्णासाठी तोंडात दाब झपाट्यानं वाढतो, त्यामुळे ओठ किंवा जीभ लवकर आणि घट्ट मिटावी लागते. मिटणं लवकर झालं की स्वर लवकर संपला. शिवाय कठोर वर्णाचं बंद राहणं लांब असतं. ली लिस्कर यांनी १९५७ मध्ये ‘रॅपिड’ (वेगवान) आणि ‘रॅबिड’ (पिसाळलेला) हे शब्द मोजले. ‘प’साठी ओठ सुमारे १२० मिलिसेकंद मिटलेले होते, ‘ब’साठी सुमारे ७५. मधली शांतता वाढवली की पिसाळलेला वेगवान होतो. आता एखाद्याला वाटेल की हिशेब सोपा आहे, एका खिशातलं दुसऱ्यात गेलं: व्यंजनानं वेळ जास्त घेतला म्हणून स्वराला कमी उरला. काही अंशी ते खरं आहे. पण ‘प’नं जास्तीचे घेतले सुमारे ४५, आणि इंग्रजी स्वर पीटरसन-लेहिस्ते यांच्या मापात गमावतात १००. शब्द वेगळे, जागा वेगळी, त्यामुळे हे आकडे एकमेकांवर तंतोतंत ठेवता येणार नाहीत, तरी खिशाचा हिशेब जुळत नाही एवढं दिसतंच.

तो का जुळत नाही, ते मॅथ्यू चेन यांनी १९७० मध्ये चार भाषा शेजारी ठेवून दाखवलं. मृदू वर्णाआधीच्या स्वराची लांबी १०० धरली, तर कठोराआधी तो फ्रेंचमध्ये ८७ उरला, रशियनमध्ये ८२, कोरियनमध्ये ७८ आणि इंग्रजीत ६१. म्हणजे थोडं आखडणं सगळीकडे आहे, आणि ते बहुधा ओठ-जिभेच्या यांत्रिकीतून येतं. इंग्रजीनं त्या नैसर्गिक उताराचा घाट करून टाकला आहे. तो वरचा हिस्सा शरीर देत नाही. इंग्रजी बोलणारं मूल तो भाषेबरोबर शिकतं. ‘सगळीकडे’ हा शब्दसुद्धा पुढे मागे घ्यावा लागला. पॅट्रिशिया कीटिंग यांनी पोलिश उच्चार मोजले, तेव्हा त्यात असा फरक सापडला नाही. यांत्रिकी माणसाला ढकलते, बांधून ठेवत नाही.

आपल्या बाजूची भाषा म्हणून हिंदीचं एक माप सांगण्यासारखं आहे. मॅडिसन आणि गंदूर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की हिंदीत स्वराची लांबी पुढचा वर्ण मृदू आहे का एवढ्यावरच अवलंबून नाही, तो महाप्राण आहे का यावरही आहे. साध्या ‘त’आधी स्वर सर्वांत आखूड, ‘ध’सारख्या मृदू महाप्राणाआधी सर्वांत लांब. इंग्रजीत महाप्राण हा वेगळा वर्ण नाही, त्यामुळे तिथले संशोधक या दिशेनं गेलेच नसते. मराठीत त, थ, द, ध ही चौकडी तशीच आहे.

इंग्रजीतला हा नियम फक्त शेजारच्या स्वरापुरता नाही. मधे ‘न’ किंवा ‘ल’ आला तर आखडण्याची झळ त्यालाही बसते. ‘बेंड’मधला अनुनासिक निवांत वाजतो, ‘बेंट’मधला चिमटीत धरल्यासारखा असतो, कधी तर नुसता नाकातला स्वर उरतो. ‘बिल्ड’ आणि ‘बिल्ट’चंही तेच. पण हा परिणाम अक्षराची, म्हणजे एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्याची, कुंपणं ओळखतो. जॉन वेल्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञांनी या आखडण्याला ‘क्लिपिंग’ म्हणजे छाटणी असा शब्द रूढ केला. ‘सेल्फिश’ (स्वार्थी) आणि ‘शेलफिश’ (कवचाचे जलचर) हे दोन शब्द त्यांनीच समोर ठेवले. दोन्हींत ‘एल्’नंतर कठोर ‘फ’ आहे. पण ‘सेल्फिश’मध्ये तो ‘सेल्फ’चाच भाग आहे, म्हणून स्वराची छाटणी होते. ‘शेलफिश’मध्ये ‘फ’ पुढच्या ‘फिश’चा आहे, कुंपणापलीकडचा, म्हणून ‘शेल’ पूर्ण लांबीचा राहतो. ‘ग्रेट एप’ आणि ‘ग्रे टेप’ ही अशीच जोडी. वर्ण ओळीनं तेच आहेत. माकड मोठं आहे की चिकटपट्टी राखाडी आहे, हे कळण्यात ‘ए’च्या लांबीचा मोठा हात आहे.

आता मर्यादा. वर दिलेले बहुतेक मोठे आकडे सुट्या किंवा मुद्दाम ठळक केलेल्या शब्दांचे आहेत. डेनिस क्लॅट यांनी १९७६ मध्ये हे स्पष्ट मांडलं की घसघशीत फरक दिसतो तो वाक्यांशाच्या शेवटी, जिथे स्वर तसाही लांबतो. वाक्याच्या मधोमध, बोलण्याच्या भरात, तो फारच कमी होतो. क्रिस्टल आणि हाउस यांनी १९८८ मध्ये वाचलेल्या सलग मजकुरातले स्वर मोजले, तेव्हा थांब्याच्या आधीची जागा सोडली तर फरक जेमतेम हाताला लागला. हे तर्काला धरूनच आहे. स्वराला आखडायचं तर आखडण्याजोगं काही हवं. धावत्या वाक्यात तो आधीच कमीत कमी लांबीपाशी येऊन ठेपलेला असतो. क्लॅट यांनी यंत्राकडून वाक्यं बोलवून घेण्यासाठी नियम रचले, त्यांत म्हणूनच प्रत्येक ध्वनीला एक तळ ठेवला होता. नियमांनी किती का टक्के कापा, तळाच्या वरचं तेवढंच कापलं जातं.

आणि सगळ्या इंग्रजीतही हे सारखं नाही. स्कॉटलंडमध्ये गेलात तर वरचे नियम अर्धे पुसून टाका. तिथे काही स्वर ‘झ’, ‘व’सारख्या घासत निघणाऱ्या मृदू वर्णांपुढे, ‘र’पुढे किंवा शब्दाच्या अखेरीस लांब होतात, पण ‘ड’पुढे नाही. बर्मिंगहॅमच्या मुलीचा ‘बीड’मधला लांबलचक ‘ई’ एडिंबरात आखूडच राहतो. पण तिथेही ‘अग्रीड’ (कबूल झाला) लांब असतो, कारण ‘अग्री’ हा शब्द स्वरावर संपतो, भूतकाळाचा ‘ड’ मागून चिकटवलेला आहे. ‘ग्रीड’ (हाव) मात्र आखूड. शेवट ऐकायला एकच, पण शब्दाची जोडणी कुठे आहे हे स्कॉटिश जीभ विसरत नाही.

हे सगळं घरी करून पाहता येतं. ध्वनी मोजण्याचं प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं. फोनवर आवाज टिपायचा, फाइल त्यात उघडायची, `View & Edit` दाबायचं. वर लहरी दिसतात, खाली करड्या पट्ट्यांचं ध्वनिचित्र. स्वराचा तुकडा माऊसनं धरला की त्याची लांबी सेकंदांत पडद्यावर येते. खरी अडचण असते ती स्वर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे ठरवण्याची. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ किंवा ‘ट’ असेल तर त्यामागून हवेचा एक फुत्कार येतो, तो स्वरात धरायचा की नाही यावर पाच-पन्नास मिलिसेकंद इकडे-तिकडे होतात. म्हणून ‘ब’नं सुरू होणारे शब्द बरे. शेवटी ‘ड’ असेल तर आणखी एक सापळा आहे. जीभ टेकल्यावरही घशाचा मंद घुमारा क्षणभर लहरींत दिसत राहतो, आणि नवखा माणूस तोही स्वरात मोजतो. मग ‘बीड’ उगाचच जास्त लांब निघतो आणि तुम्हाला हवं ते सिद्ध झाल्याचं समाधान मिळतं. नियम असा की लहरीकडे पाहू नका, खालच्या चित्रातली दुसरी गडद पट्टी जिथे विझते तिथे स्वर संपला. आणि शब्द यादीसारखे वाचू नका. यादीतला शेवटचा शब्द आपण सगळेच लांबवतो, त्याला कठोर-मृदूशी देणंघेणं नसतं. दर वेळी एकाच वाक्यात बसवा आणि यादीचा क्रम मधूनमधून उलटापालटा करा. तुलनाही जोडीतच करा. ‘बॅट’चा स्वर ‘बिड’पेक्षा लांब निघेल, पण तो जबडा खाली नेण्यात गेलेला वेळ आहे.

विमानतळाच्या फोननंतरच्या रविवारी भाचीला आणि मला हा उद्योग सुचला. तिला ‘बीड, बिड, बीट, बिट’ म्हणायला लावलं, मग मी म्हटलं. दोन माणसांच्या चार शब्दांचे आकडे छापण्यात अर्थ नाही. पण पडद्यावर जे दिसत होतं त्याला आकड्यांची गरजही नव्हती. तिच्या ‘बिड’चा पट्टा ‘बीट’च्या पट्ट्याहून रुंद होता, दर वेळी. तिच्या ‘बीट’च्या शेवटी ‘ट’चा स्फोट शोधायला गेलो तर तिथे काहीच नव्हतं, स्वर मधेच कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखा थांबला होता. माझ्याकडे उलटा प्रकार. माझे ‘बीड’ आणि ‘बीट’ जवळजवळ एकाच लांबीचे, ‘बिड’ आणि ‘बिट’ दोघंही तोकडे, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी ट-ड खणखणीत सुटलेले. माझ्या ‘ड’खालचा घुमारा तर पार जीभ सुटेपर्यंत चालू. मी इंग्रजी शब्द वेलांटीबरहुकूम म्हणत होतो.

‘आता मराठीत म्हण,’ ती म्हणाली. म्हणून मग मी बीड जिल्हा आणि कोशिंबिरीतलं बीट, असे दोन्ही म्हटले. तिनं कान देऊन ऐकलं. बीड तिला लगेच कळलं. बीट ऐकून म्हणाली, ‘मामा, हे एवढं लांब का म्हणतोस? मला वाटलं, परत बीडच येतंय, पण शेवटी एकदम ट आला.’